हत्तींच्या एंडगेममध्ये एक प्यादं कमी असताना हत्ती कुठे ठेवायचा?

वामन_पट

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा डाव नुकताच पाहिला. तिच्याकडे काळी मोहरी होती आणि ती एका प्याद्याने मागे होती. पटावर एवढंच उरलं होतं:

पांढरा: राजा e3, हत्ती a8, प्यादं a6
काळा: राजा g7, हत्ती a5
चाल काळ्याची.

ती हत्ती a1 खेळली. विचारल्यावर म्हणाली, "सर, पुढे गेलेल्या प्याद्याच्या मागे हत्ती ठेवायचा असतो ना?" मग राजा d4, हत्ती a2, राजा c5, हत्ती c2 शह, राजा b6, हत्ती b2 शह, राजा a7. इथे शह संपले आणि थोड्याच चालींत डावही संपला.

ही स्थिती बरोबरीची आहे हे मला माहीत आहे. अडचण समजावण्याची आहे. मुलांना "हत्ती सक्रिय ठेवा" म्हटलं की ती मान डोलावतात आणि पुढच्या डावात हत्ती पुन्हा प्याद्याच्या मागे नेऊन उभा करतात. मागे, पुढे की बाजूला, हे ठरवायची एखादी पक्की खूण तुम्ही कशी सांगता?

---

निळा_घोडा

तिचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही. हत्ती प्याद्याच्या मागे हवा, प्यादं आपलं असो की समोरच्याचं, हा टॅराशचा नियम आहे आणि तो शंभर वर्षं टिकलाय. a1 वरचा हत्ती लांब आहे, मोकळा आहे, हव्या त्या पट्टीवरून शह देऊ शकतो. पांढऱ्याचा हत्ती मात्र a8 ला स्वतःच्याच प्याद्यापुढे अडकून पडलाय. काळ्याची चूक नंतर कुठेतरी झाली असावी. हत्ती a2 ही चाल तर उगाच घालवलेली दिसते.

---

किल्लेदार

निळा_घोडा, पांढऱ्याचा हत्ती अडकलाय हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. सगळा बचाव त्यावरच उभा आहे. पण तो a8 ला कशामुळे अडकून राहतो हे बघायला हवं. तो हलला तर काळा a6 खातो, म्हणून. पांढऱ्याचा राजा प्याद्याला हात देईपर्यंतच हे चालतं. राजा पोचला की हत्ती सुटतो. मग काळ्याला राजाला शह देऊन हाकलावं लागतं, आणि मागून दिलेल्या शहांपासून लपायला त्या राजाकडे एक घर आहे: a7.

वामन, मी मुलांना एवढंच सांगतो: प्याद्याच्या पुढचं घर रिकामं आहे का ते बघा.

प्यादं a6 वर असेल तर a7 रिकामं असतं. राजा तिथे शिरला की b पट्टीवरून शह लागत नाही आणि a पट्टीवर त्याचंच प्यादं आड येतं. मग हत्ती b8, राजा b7, शह लागला तर राजा a8, मग प्यादं a7, आणि शेवटी राजा पुन्हा बाहेर. काळ्याचा राजा g7 वरून धावत निघाला तरी वेळेत पोचत नाही.

तेच प्यादं a7 वर गेलं असेल तर चित्र उलटं होतं. पुढचं a8 घर पांढऱ्याच्याच हत्तीने अडवलेलं आहे, त्यामुळे राजाला लपायला जागा नाही. राजा b6 ला आला की हत्ती b1 शह. तो c7 ला गेला की c1 शह. b7 ला आला की पुन्हा b1. राजा दूर गेला की हत्ती परत a1. हे कितीही वेळ चालतं.

म्हणून प्यादं a7 वर असेल तर हत्ती मागे, आणि a6 वर असेल तर बाजूला, सहाव्या रांगेत. त्या मुलीने नियम योग्य लावला, पण प्यादं a7 वर असतानाचा.

---

वामन_पट

वा! रिकाम्या घराची खूण मुलांना नक्की पटेल. बाजूने कसं धरायचं ते याच स्थितीतून चाल-चाल करून लिहाल का? पुढच्या वर्गात हेच मांडीन म्हणतो.

---

किल्लेदार

लिहितो. ही पद्धत योसेफ वानचुराच्या नावाने ओळखली जाते, त्याची रचना १९२४ साली प्रसिद्ध झाली.

काळ्याला हत्ती a पट्टीवरून सहाव्या रांगेत न्यायचाय. अडचण अशी की तिथे जायला दोन चाली लागतात, आणि तेवढ्यात पांढरा आपला हत्ती सोडवून घेतो. त्यामुळे पहिली चाल शहाची हवी. राजा e3 वर आहे, म्हणून हत्ती e5 शह. राजाला हलावंच लागतं, समजा तो d4 ला गेला. आता हत्ती e6. a6 वर बाजूने नजर बसली, पांढऱ्याचा हत्ती पुन्हा a8 ला जखडला गेला.

पांढरा राजा d5, हत्तीवर हल्ला. काळा हत्ती f6. हत्तीला त्याच रांगेत थोडं सरकायचंय, बस्स. राजा c5. अजून a6 ला राजाचा आधार नाही, त्यामुळे काळा निवांत राजा h7 खेळून वाट पाहू शकतो.

राजा b5. आता राजाने प्यादं धरलं आणि हत्ती सुटायचा धोका आला. लगेच हत्ती f5 शह. राजा b6 ला आला तर हत्ती f6 शह. b7 ला गेला तर हत्ती f7 शह. अगदी a7 ला शिरला तरी f7 वरून शह लागतोच. मागून दिलेल्या शहाला a7 हे लपायचं घर होतं, आडव्या शहाला ते उघडं आहे. शह टाळत राजा c4, b3 असा खाली उतरला की तो प्याद्यापासून लांब गेला, आणि हत्ती परत f6 ला.

यातून कंटाळून पांढरा कधीतरी a7 खेळणारच. राजा प्याद्यापासून लांब असताना तो खेळला की त्याच क्षणी हत्ती a6, म्हणजे मागे. आता पुढचं घर भरलेलं आहे, तेव्हा वर सांगितलेला मागचा बचाव लागू. इथे दुसरीकडे कुठे हत्ती खेळला तर डाव गेला.

दोन अटी मात्र पक्क्या आहेत. हत्ती प्याद्यापासून लांब हवा, f किंवा त्यापलीकडच्या पट्टीवर. d6 ला ठेवला तर शह देताना राजा c पट्टीवर येऊन हत्तीवरच चालून जातो आणि शह तुटतात. आणि राजा g7 किंवा h7 सोडून कुठेही जाता कामा नये.

---

सायली_६४

राजाबद्दलची ही अट मला कधीच नीट कळली नव्हती. प्यादं अडवायला राजा मध्यभागाकडे आणावा असं वाटतंच ना? f7, e7 करत तो जवळ आला तर काय बिघडतं?

---

किल्लेदार

सायली, प्यादं a7 वर, पांढऱ्याचा हत्ती a8 वर आणि काळ्याचा हत्ती a1 वर आहे असं धरा.

काळ्याचा राजा f6 ला आला तर हत्ती f8 शह, आणि राजा हलला की प्याद्याचा वजीर. e6, d6 या घरांवरही असंच होतं, हत्ती त्या-त्या पट्टीवरून शह देत सुटतो. म्हणून तुम्ही म्हणाल की सातव्या रांगेत f7 ला ठेवू, तिथे शह लागत नाही. तिथे पांढरा हत्ती h8 खेळतो. आता a8 वर वजीर होणार, म्हणून काळ्याने a7 खाल्लं की हत्ती h7 शह, आणि राजाच्या पलीकडे उभा असलेला हत्ती मारला जातो.

g7 किंवा h7 ला राजा असेल तर यातलं काहीच चालत नाही. पांढऱ्याने g8 किंवा h8 ला शह दिला तर राजा हत्तीच खातो, आणि a8 ला होणाऱ्या वजिराला a1 वरचा काळा हत्ती मारतो.

पोरं हरतात ती बहुतेक इथेच. बचाव नीट चाललेला असतो, हात स्वस्थ बसत नाही, आणि राजा f7 ला येतो.

---

जोशी_काका

माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या डावात समोरच्याचं जास्तीचं प्यादं e पट्टीवर होतं, माझा राजा त्या प्याद्याच्या समोरच e8 ला होता आणि मी हत्ती सहाव्या रांगेत धरून ठेवला. समोरचा बराच वेळ झगडला, शेवटी बरोबरी झाली. म्हणजे सहावी रांग हेच उत्तर ना? a काय नि e काय, हत्ती सहाव्या रांगेत ठेवायचा. मग एवढी गुंतागुंत कशाला?

---

सायली_६४

काका, तुमचा तो फिलिदोरचा बचाव. रांग तीच, पण काम वेगळं. तिथे तुमचा हत्ती समोरच्या राजाला सहाव्या रांगेत शिरू देत नव्हता. प्याद्यावर हल्ला करायची गरजच नव्हती, कारण प्याद्याच्या वाटेत तुमचा राजा उभा होता. वानचुरामध्ये काळ्याचा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला असतो, तो वाट अडवूच शकत नाही. म्हणून हत्तीला प्याद्यावर सतत डोळा ठेवावा लागतो.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि ती मला आवडते. प्यादं सहाव्या रांगेत आलं की तुमच्या डावातही हत्ती लगेच पहिल्या रांगेत जाऊन मागून शह द्यायला लागतो, कारण राजाला प्याद्याच्या पुढे लपायची जागा उरलेली नसते. किल्लेदारांची रिकाम्या घराची खूण तिथेही लागू पडते.

---

निळा_घोडा

मी पटावर मांडून पाहिलं. राजा c5 ला पोचल्यावर काळा f2 ला गेला तर पांढरा लगेच b8 खेळतो आणि मग राजा b6, a7 थांबवता येत नाही. म्हणजे तोपर्यंत उशीर झालेला असतो, हे मान्य.

तरी टॅराशचा नियम मी सोडणार नाही. a7 वर प्यादं असताना वाचवणारा हत्ती मागेच आहे की! आणि उलट बाजूने बघा. प्यादंवाल्याचा हत्ती मागे असेल तर काळ्याला पुढे उभं राहावं लागतं आणि ते तर फारच वाईट. १९२७ च्या ब्युनोस आयर्सच्या सामन्यातला चौतिसावा डाव, अलेखिन विरुद्ध कॅपाब्लांका. अलेखिनचा हत्ती a प्याद्याच्या मागे, कॅपाब्लांकाचा पुढे. त्याच डावाने जगज्जेतेपद बदललं.

---

किल्लेदार

तो डाव इथे आणलात ते बरं झालं, कारण त्यात पुढे उभ्या राहिलेल्या हत्तीचं खरं दुखणं दिसतं. प्यादं a5 ला आणि कॅपाब्लांकाचा हत्ती a6 ला होता. प्यादं तसं अडलेलंच होतं. पण पांढरा हत्ती मागून हव्या त्या घरी सरकू शकत होता, काळा हत्ती मात्र जागेवरून हलला की प्यादं पुढे. म्हणजे वाट पाहायची चाल पांढऱ्याकडे कायम शिल्लक, आणि काळ्याकडे फक्त राजाच्या चाली. शेवटी कॅपाब्लांकाने हत्ती मोकळा करून राजा a6 ला अडवायला आणला, तेव्हा अलेखिनचा राजा दुसऱ्या बाजूच्या प्याद्यांकडे गेला. एकाच वेळी दोन्ही बाजू सांभाळणं काळ्याला जमलं नाही.

पण "पुढे" म्हणजे नेहमीच वाईट असं नाही. पुढून शह देणारा हत्ती आणि पुढे टेकून बसलेला हत्ती यांत मोठा फरक आहे. प्यादं अजून चौथ्या रांगेत किंवा त्याच्याही मागे असेल, काळ्याचा राजा एका पट्टीने बाहेर तोडलेला असेल आणि काळ्याचा हत्ती आठव्या रांगेत असेल, तर हत्ती आणि प्यादं यांच्यात तीन रांगा मोकळ्या राहतात. राजा प्याद्याला पुढे न्यायला आला की पुढून शह, पुन्हा शह, आणि त्याला हत्तीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तो लांब गेला की हत्ती परत प्याद्यासमोर. प्यादं पाचव्या रांगेत गेलं की हे अंतर आखडतं आणि हा बचाव बहुतेक वेळा तुटतो.

तिन्हीकडे हत्तीला शह द्यायला पुरेशी लांबी आहे का, हेच मी बघतो.

---

रांगडा_उंट

हे सगळं पाच मोहऱ्यांवर ठीक आहे. डावात असं कधी येतं? माझ्याकडे नेहमी येतं ते असं: पांढऱ्याची a6, f2, g3, h4. काळ्याची f7, g6, h5. पांढऱ्याचा हत्ती a8, काळ्याचा राजा g7. तेव्हाही वानचुराच करायचं का? माझं मत, करायचं आणि बरोबरी ठरलेली. उलट हत्ती f6 ला ठेवला तर तिथून f2 वरही नजर राहते, f7 चंही रक्षण होतं. एकाच घरावरून तीन कामं.

---

सायली_६४

f6 ला हत्ती छान बसतो हे खरं, पण "ठरलेली बरोबरी" हे मला मान्य नाही. पांढऱ्याला f2 चं ओझं वाटत असेल तर तो ते सोडून देईल आणि राजा घेऊन b7 कडे निघेल. तुम्ही f2 खाल्लंत की तुमचा हत्ती सहाव्या रांगेतून निघाला. मग a पट्टीवर परत यायला एक चाल, तोवर त्याचा राजा कुठे पोचला यावर सगळं. मोजल्याशिवाय कोण जिंकतंय सांगता येणार नाही.

---

रांगडा_उंट

f2 खाल्लंच पाहिजे असं कुठे आहे? राजा b5 ला आला की f5 वरून शह देत राहायचं. f2 पळून जात नाही.

---

किल्लेदार

तुम्हा दोघांच्या मधे मी थोडा सायलीकडे झुकतो. शह देत राहणं योग्य, पण इतर प्यादी पटावर असली की पांढऱ्याला नवे डावपेच मिळतात. त्यातला एक तरी तोंडपाठ हवा.

पांढऱ्याने प्यादं a7 ला नेलं आहे, हत्ती a8, काळ्याचा राजा g7, हत्ती a1. राजाच्या बाजूला अदलाबदल होऊन पांढऱ्याकडे एक मोकळं प्यादं उरलं आहे. ते प्यादं h चं असेल तर h6 शहाला राजा h7 ला सरकतो आणि काही होत नाही. g चं असेल तर g6 ला येऊन उभं राहतं, शहही लागत नाही, काळा हत्तीच्या चाली खेळत राहतो. पण ते f चं असेल तर f6 शह आणि डाव संपला. खाल्लं तर हत्ती f8 शह. राजा f7 ला गेला तर हत्ती h8. h7 ला गेला तर f7, आणि आता वजीर व्हायला दोन प्यादी.

म्हणून रांगडा_उंट, तुमच्या स्थितीत काळ्याने पाहायचं ते हे की पांढऱ्याला मोकळं f प्यादं मिळू द्यायचं नाही. f4, मग f5 अशी तयारी दिसली की अदलाबदल कुठली करायची ते आधीच ठरवा. f7 चं प्यादं म्हणूनच सोन्यासारखं जपायचं.

f2 कधी खायचं यावर माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नाही. पांढरा राजा d पट्टीच्या उजवीकडे असताना खाल्लं तर मी बहुधा निश्चिंत असतो, c पट्टीवर पोचल्यावर नाही. प्रत्येक वेळी मोजतो.

---

जोशी_काका

सायली, फरक ध्यानात आला. माझा राजा समोर होता म्हणून भागलं. आता एक विचारतो. वानचुरा b प्याद्यावरही चालतो का? म्हणजे पांढऱ्याचं प्यादं b6, हत्ती b8, आणि माझा हत्ती f6 ला?

---

किल्लेदार

काका, तसाच्या तसा त्यावर विसंबू नका. a प्याद्यावर हा बचाव इतका पक्का आहे कारण प्याद्याच्या पलीकडे पटच नाही, राजाला एकाच बाजूने वावरावं लागतं. b प्याद्याच्या डावीकडे a पट्टी आहे. राजा तिकडून a7 ला गेला की सातव्या रांगेतला शह लागतो खरा, पण त्याला प्याद्याच्या दोन्ही बाजूंनी फिरायला मिळतं आणि प्याद्याला धरून राहणं सोपं जातं. काही स्थिती वाचतात, काही नाही.

---

वामन_पट

आज वर्गात मांडलं. आधी e5 शह कोणालाच सुचला नाही, सगळी पोरं a1 किंवा a2 म्हणत होती. मग मी फक्त "राजा a7 ला शिरला तर शह कुठून द्याल?" एवढं विचारलं. एका मुलाने लगेच सातव्या रांगेकडे बोट दाखवलं, आणि तिथून उलटं शोधत f6 पर्यंत तो स्वतःच आला.

त्यानंतर जोड्या लावून खेळायला दिलं. पांढऱ्यांना सांगून ठेवलं होतं की काळ्याचा राजा f7 ला आणायचा प्रयत्न करा. दोन पटांवर काळे फसले, हत्ती h8 बसला. तिसऱ्या पटावर वेगळंच झालं: पांढऱ्याचा राजा b5 ला असताना, काळ्याने f5 शह द्यायच्या आधी काय होतं ते बघायला म्हणून काळ्याकडून मुद्दाम एक चाल रिकामी घालवली, राजा h7. पांढरा हत्ती c8. काळ्याने f5 शह दिला, हत्ती c5 मध्ये आला. मग काय करायचं यावर वर्ग सुटेपर्यंत वाद चालला होता. काळ्याने हत्ती f6 ला परत आणला तर पांढरा c6 ला आडवा घालतो, असं पांढऱ्याच्या बाजूच्या मुलांचं म्हणणं.

---

सायली_६४

ती मुलं बरोबर आहेत. तुमच्या स्थितीत हत्ती c5 ला आला की काळ्याने अदलाबदल केली तर राजाने c5 खाल्लं आणि a प्यादं धावतं, काळ्याचा राजा h7 ला. अदलाबदल टाळून f6 ला गेला तर c6. तो हत्ती a8 ला जखडलेला होता तोवर मध्ये आडवा यायला पांढऱ्याकडे काही नव्हतं. एक चाल सोडली आणि तो मोकळा झाला.

उद्या त्यांना याच स्थितीत राजा b5 ऐवजी c5 वर ठेवून द्या, चाल काळ्याची. तिथे h7 ही चाल चालते. दोन्ही पट शेजारी लावले तर कधी थांबता येतं आणि कधी नाही हे त्यांना दिसेल.